मदत हवी आहे: उद्याच्या मीटिंगचा मेसेज असा चालेल का?

टीमला आज दुपारी हे पाठवतोय:

"उद्या ११ ते ११:४५. रिलीज १२ला की १९ला, हे ठरवायचंय. टेस्टिंगवाल्यांनी अडलेल्या केसेस आज ५ पर्यंत शीटमध्ये भराव्यात. बाकीच्यांनी त्या वाचून आपली तारीख आणि एका ओळीत कारण शेवटच्या रकान्यात लिहावं. ११:३० नंतर तक्रारींचं वाटप."

नुसतं ‘वाचून या’ म्हटलं की सगळे अंगठ्याची खूण टाकतात आणि शीट मीटिंगमध्येच उघडतात. म्हणून तारीख लिहायला लावली. रकाना रिकामा दिसला की कळतंच.

अशांना संध्याकाळी वैयक्तिक मेसेज करावा, की ग्रुपवरच नाव घ्यावं? मला ग्रुपवर जरा बोचरं वाटतं. आणि ज्यांचं काम फक्त तक्रारींपुरतं आहे, त्यांना साडेअकरालाच बोलावलं तर चालेल ना?