मदत हवी आहे: पगाराचे खाते आणि डेबिट कार्ड बदलल्यावर हप्ते वेळेवर कटतील याची खात्री कशी करावी?

मनीषनगरकर: नमस्कार. बुटीबोरीतील नोकरी सोडून मी मिहानमधील एका कंपनीत रुजू झालो असून या महिन्यापासून माझा पगार दुसऱ्या बँकेत जमा होतो. जुन्या खात्यातून गृहकर्जाचा १८,४०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला नॅचद्वारे आणि म्युच्युअल फंडाची ५,००० रुपयांची एसआयपी १० तारखेला यूपीआय ऑटोपेने जाते. शिवाय जुन्या डेबिट कार्डावर विम्याचा वार्षिक हप्ता नोंदवलेला आहे, आणि त्या कार्डाची मुदत संपल्याने बँकेने नव्या क्रमांकाचे कार्ड पाठवले आहे. कर्ज कंपनीकडे नव्या खात्याचे मॅन्डेट ऑनलाइन भरले आणि 'रजिस्टर झाले' असा मेसेजही आला. आता जुने खाते बंद करू का? आणि यांपैकी एखादी वजावट अडली, तर ते मला कसे कळेल?

वर्धारोडवाला: सोपे आहे. यूपीआय ॲपमध्ये नवे खाते प्रायमरी करा, म्हणजे ऑटोपे आपोआप तिकडे वळेल. मी तसेच केले आणि काही अडले नाही.

सुजाता धंतोली: माझ्या बाबतीत पगार थांबल्यावर बँकेने ते खाते साध्या बचत खात्यात बदलले आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड कापायला सुरुवात केली. तुम्ही खाते बंदच करा, असे मी सुचवीन.

निवृत्त_शाखाधिकारी: सुजाताताईंचा अनुभव खरा असला, तरी खाते आत्ताच बंद करू नका. 'रजिस्टर झाले' या मेसेजचा अर्थ एवढाच, की नव्या बँकेने मॅन्डेट स्वीकारले. कर्ज कंपनीने पुढच्या हप्त्याची मागणी त्यावरच पाठवली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ही मागणी तारखेच्या काही दिवस आधीच तयार होते. तुमचा बदल त्यानंतर नोंदला गेला, तर ५ तारखेचा हप्ता जुन्या खात्यावरच येईल आणि खाते बंद असल्याच्या कारणाने परत जाईल. म्हणून पहिला हप्ता नव्या खात्यातून कोणत्या तारखेचा कटेल, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोवर जुन्या खात्यात हप्त्याची रक्कम आणि वर थोडी जास्त ठेवा, कारण ताईंनी सांगितलेला दंड नेमका ५ तारखेच्या आधी कापला गेला, तर शंभर-दोनशे रुपयांसाठी हप्ता परत जातो.

५ तारखेनंतर नव्या पासबुकात 'NACH' किंवा 'ACH' लिहिलेली नावे नोंद दिसते का, आणि कर्जाच्या विवरणपत्रात त्याच रकमेची जमा दिसते का, हे दोन्ही पाहा. हप्ता परत गेला, तर कित्येकदा त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी 'RTN' अशा अक्षरांसह शुल्काची ओळ येते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कर्ज कंपनी तिचे शुल्क वेगळे लावते.

आता यूपीआयबद्दल. वर्धारोडवाल्यांचे म्हणणे नव्या व्यवहारांपुरते बरोबर आहे. मात्र आधीचे ऑटोपे ज्या खात्यावर मंजूर केले, त्याच खात्याला जोडलेले राहते. प्रायमरी खाते बदलल्याने ते हलत नाही. त्यांचे जुने खाते अजून चालू असून त्यात पैसे असावेत, म्हणून त्यांना फरक जाणवला नसेल. ॲपमधील ऑटोपेच्या यादीत प्रत्येक मॅन्डेटसमोर खात्याचे शेवटचे अंक दिसतात, ते वाचा.

वर्धारोडवाला: आत्ताच पाहिले. जुन्याच खात्याचे अंक आहेत, आणि त्या खात्यात भाड्याचे पैसे जमा होतात. म्हणूनच चालू राहिले असावे.

मनीषनगरकर: काका, सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझ्याही एसआयपीसमोर जुन्याच खात्याचे अंक आहेत. ते ऑटोपे रद्द करून नवे लावू का?

निवृत्त_शाखाधिकारी: आधी रद्द करू नका. पहिल्यांदा फोलिओत नवे बँक खाते नोंदवून घ्या, मग नवे मॅन्डेट करून एसआयपी त्याला जोडा आणि शेवटी जुने रद्द करा. या महिन्याचा हप्ता हुकला, तरी फंड घराणे दंड लावत नाही. मासिक एसआयपी सलग तीन हप्ते हुकल्यावर बंद होते. त्यामुळे घाई करून दोन मॅन्डेट चालू ठेवण्यापेक्षा एक हप्ता गेलेला परवडतो.

कार्डाचे मात्र वेगळे आहे. कार्डावरील ई-मॅन्डेटला वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना यावीच लागते. हप्त्याची तारीख उद्यावर आली आणि सूचना नाही, तर मॅन्डेट मेले आहे असे समजून हप्ता हाताने भरावा. येथे बिघाडाची खूण म्हणजे मेसेज न येणे, आणि वार्षिक हप्त्यात ते सहज नजरेतून सुटते.

मनीषनगरकर: विमा कंपनीचे म्हणणे असे, की कार्ड नूतनीकरणात जुनी नोंद आपोआप पुढे चालते, बँकेच्या सीताबर्डी शाखेत मात्र नव्या क्रमांकावर ती पुन्हा करावी लागेल असे सांगितले. कोणाचे खरे मानू?

निवृत्त_शाखाधिकारी: दोन्ही प्रकार घडतात, कार्ड आणि व्यापारी यांच्यातील व्यवस्थेवर ते अवलंबून असते. बँकेच्या ॲपमध्ये नव्या कार्डाखाली मॅन्डेटची यादी उघडा. विमा कंपनीचे नाव तिथे नसेल, तर नवी नोंद करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, पण तिच्यावर विसंबू नका.

सुजाता धंतोली: माझ्या ॲपमध्ये अशी यादीच दिसत नाही. कोणत्या मेनूत असते?