मदत हवी आहे: थुंकीच्या ग्राम स्टेनचा रिपोर्ट बघून अँटिबायोटिक वाढवू का?

सत्तरीचा_एमओ
नमस्कार मंडळी, इथे लॅबवाले आणि मेडिसिनवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतोय. मी सरकारी छोट्या हॉस्पिटलात आहे, वॉर्ड माझ्याकडे. काल रात्री एक ५८ वर्षांचे आजोबा आले, बागायतीत काम करतात, डायबेटिस आहे पण गोळ्या कधी घेतात कधी नाही. तीन दिवस थंडी वाजून ताप, उजव्या बाजूला श्वास घेताना कळ, ऑक्सिजन रूम एअरवर ९१, श्वास मिनिटाला २८. एक्सरेत उजवीकडे खाली पांढरा पॅच स्पष्ट. कॅज्युअल्टीतच ब्लड कल्चर काढलं, थुंकी घेतली आणि सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन सुरू केलं.
आज सकाळी ग्राम स्टेनचा रिपोर्ट आला: एपिथेलियल सेल्स भरपूर, पस सेल्स क्वचित, ग्राम पॉझिटिव्ह कोकाय आणि ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसले. सिनियर म्हणतात डायबेटिस आहे, ग्राम निगेटिव्ह दिसलेत, पिप-टाझो लाव. पेशंट रात्रीपेक्षा वाईट नाहीये, ताप आहे पण शुद्धीवर आहे, बीपी ठीक. या रिपोर्टवर औषध बदलायचं का?

मांडवीकाठ
मी जीपी आहे. माझ्या मते सिनियर बरोबर आहेत. डायबेटिस, ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय, म्हणजे क्लेबसिएलाच धरून चालायचं. आमच्या वेळी असल्या पेशंटला सरळ वरचं अँटिबायोटिक लावायचो, वाट बघत बसायचो नाही.

सूक्ष्मदर्शी
मायक्रोबायोलॉजीत आहे, बरीच वर्षं. डॉक्टर, तुमच्या रिपोर्टची खरी बातमी पहिल्याच ओळीत आहे, शेवटच्या ओळीत नाही. एपिथेलियल सेल्स भरपूर आणि पस सेल्स क्वचित म्हणजे ती थुंकी तोंडातली लाळ आहे, छातीतून आलेलीच नाही. लाळेत ग्राम पॉझिटिव्ह कोकाय असतात, ग्राम निगेटिव्ह बॅसिलायही असतात, आजारी आणि डायबेटिसच्या माणसाच्या तोंडात तर जास्तच. त्यावर पिप-टाझो लावणं म्हणजे तोंडातल्या जंतूंवर उपचार करणं. असं सँपल आलं की आम्ही कल्चरला घेत नाही, दुसरं पाठवा म्हणतो.
मांडवीकाठ, डायबेटिसमध्ये क्लेबसिएला जास्त दिसतो हे खरंच आहे. पण तो चांगल्या सँपलमध्ये, पस सेल्सच्या आसपास, जाड ठसठशीत बॅसिलाय आणि भोवती पारदर्शक कडं अशा रूपात एकच एक भरलेला दिसला तर. नुसतं "दिसले" याला वजन नाही.

लॅबवाली_फोंडा
मी टेक्निशियन आहे, हेच लिहायला आले होते. आमच्याकडे नियम साधा आहे, १० च्या लेन्सखाली दहा-वीस फील्ड बघायचे, सरासरी एका फील्डला एपिथेलियल १० पेक्षा कमी आणि पस सेल्स २५ पेक्षा जास्त तर चांगलं सँपल, नाहीतर रिजेक्ट. पस सेल्स २५ नसतील तर मी पुढे बघतच नाही.

सूक्ष्मदर्शी
नियम बरोबर, पण शेवटचं वाक्य जपून. केमो चालू असलेल्या किंवा पांढऱ्या पेशी खूप कमी झालेल्या पेशंटच्या बेडक्यात पस सेल्स येणारच कुठून? त्यांचं सँपल पस कमी म्हणून फेकू नका, तिथे एपिथेलियल किती हेच बघा. आणि टीबीसाठी आलेलं सँपल या नियमाने रिजेक्ट करायचं नसतं.

रानवारा
टीबीचं निघालंच आहे तर सांगते, माझ्या सासऱ्यांना मागच्या वर्षी खोकला होता तेव्हा दोन डब्या दिल्या होत्या, एक लगेच आणि एक सकाळी उठल्याउठल्याची. सकाळची चांगली असते म्हणाले. तर यांनीही उद्या सकाळपर्यंत थांबावं ना?

सूक्ष्मदर्शी
ताई, ते टीबीसाठी आणि तिथे बरोबरच आहे, रात्रभर साठलेला कफ मिळतो. इथे गोष्ट वेगळी आहे. अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला की न्यूमोकोकस फार लवकर मरतो, उद्यापर्यंत थांबलं तर कल्चरमध्ये तो बहुतेक सापडणार नाही. सत्तरीचे डॉक्टर, दुसरं सँपल आत्ताच घ्या. कल्चर कदाचित येणार नाही, पण मेलेले जंतूही काही तास स्टेन घेतात, म्हणून स्मिअर अजून उपयोगी पडू शकतो.

सत्तरीचा_एमओ
बरं. पण रात्री सिस्टरने सांगितलं होतं "थुंकी द्या", आजोबांनी प्रामाणिकपणे थुंकून दिली. आता नक्की कसं सांगू? त्यांना जोरात खोकलं की छातीत दुखतं.

लॅबवाली_फोंडा
मी काय करते ते सांगते. कवळी असेल तर काढायची, साध्या पाण्याने दोन-तीनदा चूळ भरायची, माऊथवॉश नाही. पेज-भात खाल्लेला असेल तर जास्तच नीट, नाहीतर स्मिअरभर भाताचे कण. मग बेडवर ताठ बसवायचं, दुखणारी बाजू उशीने दाबून धरायला सांगायचं, दोन-तीन खोल श्वास, मग खालून खोकून जो बेडका येईल तो थेट रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत. "थुंकी नको, छातीतला बेडका हवा" असं शब्दात सांगायचं आणि समोर उभं राहायचं, हा भाग कोणी करत नाही. उघड्या खिडकीपाशी घ्या, तुमच्या तोंडाला एन-९५ हवा कारण टीबी अजून नाकारलेला नाही. येतच नसेल तर सलाईनचं नेब्युलायझेशन देऊन बघा. डबी लगेच लॅबला, दोन तासांच्या आत. टेबलावर पडून राहिली की तोंडातले जंतू वाढतात आणि जे हवे आहेत ते मरतात.
स्लाईड करताना त्यातला पिवळा, घट्ट किंवा रक्ताचा धागा असलेला भाग उचला, फेसाळ पाणी नको.

सूक्ष्मदर्शी
आणि स्मिअर पातळ पसरवा. जाड झाला की रंग नीट निघत नाही आणि सगळंच जांभळं दिसतं. पस सेल्सचे न्यूक्लियस बघा, ते गुलाबी असले पाहिजेत. निळे-जांभळे असतील तर डिकलरायझेशन कमी पडलं, त्या भागात कोणालाही ग्राम पॉझिटिव्ह म्हणू नका. उलट, अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं तर न्यूमोकोकससुद्धा लाल होतो आणि तुम्ही त्याला निगेटिव्ह समजता. मी स्लाईडच्या एकाच कोपऱ्यावर विश्वास ठेवत नाही, तीन-चार पातळ जागा बघते.

सत्तरीचा_एमओ
अपडेट. साडेदहाला मी स्वतः समोर बसून घेतलं, नेब्युलायझेशननंतर गंजाच्या रंगाचा घट्ट बेडका आला. लॅबमध्ये टेक्निशियनसोबत बसून बघितलं. १० च्या लेन्सखाली एपिथेलियल प्रत्येक फील्डला दोन-चार, पस सेल्स भरगच्च. मग ऑइल इमर्शनखाली जोडी-जोडीने जांभळे कोकाय, टोकं निमुळती, काहींभोवती कडं. काही जोड्या मात्र फिक्या, जवळजवळ गुलाबी. न्यूक्लियस गुलाबी आहेत. बॅसिलाय शोधून सापडले नाहीत, एखाद-दुसरा एपिथेलियल सेलला चिकटलेला. फिक्या जोड्यांचं काय?

सूक्ष्मदर्शी
रात्रीपासून सेफ्ट्रियाक्सोन चालू आहे ना? त्याने भिंत कमकुवत झालेला न्यूमोकोकस रंग धरत नाही, फिका पडतो. बाकीचं वर्णन न्यूमोकोकसचंच आहे आणि जंतू पस सेल्सच्या सोबत आहेत. एपिथेलियल सेलला चिकटलेला बॅसिलस तोंडातला. माझ्या मते पिप-टाझोची गरज या स्लाईडवरून दिसत नाही, सेफ्ट्रियाक्सोन त्याला पुरतं.

मांडवीकाठ
मानलं. पण मग अझिथ्रोमायसिन बंदच करा की, न्यूमोकोकस सापडला.

सूक्ष्मदर्शी
तिथे मी इतकी खात्रीने नाही म्हणणार. मायकोप्लाझ्माला पेशीभित्ती नाही, लेजिओनेला ग्राम स्टेनमध्ये नीट दिसत नाही, म्हणजे "दिसलं नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही. चांगलं सँपल, पस भरपूर आणि जंतू एकही नाही असं असतं तर मी मुद्दाम यांचा, टीबीचा आणि आधी घेतलेल्या अँटिबायोटिकचा विचार केला असता. अझिथ्रोमायसिन कधी थांबवायचं हे पेशंट बघणाऱ्याने ठरवावं.

काणकोण_फिजिशियन
मी थोडं वेगळं बोलतो. पावसाळा चालू आहे, डायबेटिस आहे, माती-पाण्यात काम आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, उडुपी-मणिपालकडे, मेलिओइडोसिस नेहमी बघितला जातो आणि आपण त्याच किनारपट्टीवर आहोत. माझा एक शेतकरी पेशंट असाच न्यूमोनिया म्हणून सेफ्ट्रियाक्सोनवर होता, ताप उतरेना, कल्चरमध्ये आधी "सुडोमोनास" आला आणि नंतर बर्कहोल्डेरिया. सेफ्ट्रियाक्सोन त्याला पुरत नाही, सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागतं.

सूक्ष्मदर्शी
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पण स्मिअरवर तो ग्राम निगेटिव्ह बॅसिलस असतो, कधी दोन्ही टोकं गडद, सेफ्टीपिनसारखा, आणि तसं दुसऱ्या जंतूंमध्येही दिसतं, त्यामुळे ग्राम स्टेनवर निदान होत नाही. बऱ्याचदा जंतू इतके थोडे की दिसतच नाहीत. म्हणून या पेशंटमध्ये शंका ब्लड कल्चरवर ठेवा आणि लॅबला फोन करून सांगा की मेलिओइडोसिसची शंका आहे, ते कॅबिनेटमध्ये जपून हाताळतील आणि सुडोमोनास म्हणून सोडून देणार नाहीत. ४८ ते ७२ तासांत ताप हलला नाही तर ही शक्यता वर आणा.

लॅबवाली_फोंडा
आणि कोणी लेव्होफ्लॉक्सासिन सुचवलं तर टीबीचं सँपल आधी काढा, त्याने टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

सत्तरीचा_एमओ
सिनियरना स्लाईड दाखवली, पिप-टाझो सध्या नाही म्हणाले. सेफ्ट्रियाक्सोन चालू. दुसऱ्या दिवशी ताप १०२ वरून ९९, ऑक्सिजन ९५, शुगर इन्सुलिनवर येतेय. दुसऱ्या सँपलच्या कल्चरमध्ये तोंडातले जंतूच वाढले, न्यूमोकोकस नाही, सूक्ष्मदर्शी म्हणाल्या तसंच. टीबीसाठी सीबीनॅट दिलंय, रिपोर्ट उद्या. ब्लड कल्चर अजून चालू.
सिनियर विचारतायत की कल्चरमध्ये काहीच आलं नाही तर निव्वळ स्मिअरवर तोंडाच्या अमॉक्सिसिलिनवर उतरायचं का, की सेफ्ट्रियाक्सोनच पूर्ण करायचं?

काणकोण_फिजिशियन
ब्लड कल्चरचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत मी तरी उतरणार नाही, मेलिओइडोसिस डोक्यातून जात नाही.

सूक्ष्मदर्शी
मी उतरले असते, खाणंपिणं सुरू झालं आणि ताप उतरलेला राहिला तर. अमॉक्सिसिलिनने न्यूमोकोकस भागतो. पण सीबीनॅट बघून, आणि डिस्चार्जनंतर ब्लड कल्चरचा शेवटचा रिपोर्ट कोण बघणार ते नाव लिहून ठेवून.