मदत हवी आहे: मित्राचे वडील गेले, त्याला पाठवायचा मेसेज छापील वाटतोय

खाडीकाठ

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतला बालमित्र. त्याचे वडील, आमचे नाना, काल पहाटे गेले. आठ-नऊ महिने अंथरुणाला खिळून होते. मी पुण्यात आहे, दहाव्याला जाणार आहे. फोन लावला तर त्याने उचलला नाही, बहुतेक सगळी भेटायला येणाऱ्यांची गर्दी असेल. म्हणून मेसेज लिहिला, पण पाठवायला बोट वळत नाहीये. हा बघा:

"प्रिय संदीप, नानांच्या निधनाची बातमी ऐकून अत्यंत दुःख झाले. तुमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व तुम्हा सर्वांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. शेवटी नाना यातनांतून सुटले. काही लागलं तर हक्काने सांग. भावपूर्ण श्रद्धांजली."

चूक काहीच नाही, पण हा मी नाही. नीट करून द्याल का?

पाणंद

असं करा, "दुःखद निधन" वर मोठ्या अक्षरात, खाली फोटो, डाव्या बाजूला समई. मजकूर चार ओळींत बसतो. आमच्या नाक्यावरचा डीटीपीवाला तासाभरात करून देतो. शोकाकुल म्हणून सगळ्या वाडीची नावं घालायची का, ते आधी ठरवा, नंतर त्यावरून रुसवे होतात.

खाडीकाठ

अहो, बॅनर नाही हो, मित्राला खाजगी मेसेज पाठवायचाय.

आगोट

तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता कसे? "प्रिय संदीप" म्हणून कधी हाक मारलीत का? बालमित्राला "तुमच्या कुटुंबावर" आणि "दुःख झाले" असं लिहिलंय, आणि शेवटी अचानक "सांग". सबंध मेसेजमध्ये तो एकच शब्द तुमचा आहे. बाकी शब्द बदलून उपयोग नाही, कारण घसरलाय तो सूर. मेसेज मोठ्याने वाचा. जिथे आवाज बातम्या देणाऱ्यासारखा होईल, ते वाक्य काढून टाका.

दुसरं, "सुटले". हे घरातल्या माणसाने म्हणावं. नऊ महिने ज्याने कूस बदलून दिली, त्याला आतून तसं वाटतही असेल, आणि वाटलं म्हणून अपराधीही वाटत असेल. बाहेरच्याने ते लिहिलं की त्याची अडचण होते. हो म्हणावं तर वाईट, नाही म्हणावं तर खोटं.

आता नानांबद्दल सांगा. काय करायचे?

खाडीकाठ

संद्या म्हणतो मी त्याला. नाना एसटीत कंडक्टर. आमच्या वाडीच्या वस्तीच्या गाडीवर बरीच वर्षं होते. रात्री गाडी मुक्कामाला, सकाळी सहाला परत दापोली. शिमग्यात एकदा थोडी घेऊन पालखीपुढे असे काय नाचले होते, ते लिहू का? अजून हसू येतं.

कोकमसार

कंडक्टर होते? मग सोपं आहे! "नानांनी आयुष्याच्या गाडीला शेवटची डबल बेल दिली." विशिष्टही झालं आणि छापीलही नाही.

आगोट

कोकमसार, विशिष्ट हवं हे तुमचं बरोबर आहे. पण हे वाक्य नानांचं नाही, कुठल्याही कंडक्टरला चिकटेल. ड्रायव्हर असते तर "शेवटचा स्टॉप" झालं असतं. वाचताना लक्ष लिहिणाऱ्याच्या हुशारीकडे जातं. आणि दुसऱ्याच दिवशी कोटी नको.

शिमग्याचं मात्र सध्या राहू द्या. पिण्यावरून त्यांच्या घरात काय झालं असेल, ते तुम्हाला ठाऊक नसतं. तेराव्यानंतर पडवीत बसलात आणि त्यानेच विषय काढला, तर सांगा. मला विचाराल तर संद्याला माहीत नसलेलं काही शोधा. त्याच्याकडे वडिलांच्या आठवणी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यात एकीची भर घालता आली तर ती खरी भेट.

बांगडा_फ्राय

आई गेली तेव्हा माझ्या फोनवर मेसेजचा ढीग पडला होता. एकच लक्षात आहे, मालवणातल्या शेजारणीचा. "तुझ्या आवशीन माका बांगड्याचा तिकला करूक शिकवल्यान." एवढंच. पुढे काही नाही. सांत्वनाचा शब्दही नव्हता. मी त्यावर रडले. बाकीच्यांना हात जोडलेला इमोजी पाठवला, तिला मात्र काय लिहावं कळेना, अजून उत्तर दिलेलं नाही.

खाडीकाठ

आठवलं एक. बारावीचा फिजिक्सचा पेपर. संद्या तेव्हा मामाकडे दापोलीत राहायला होता. मला उशीर झाला, मी साकवाच्या पलीकडे असतानाच गाडी सुरू झालेली ऐकली. पण नानांनी डबल बेल दिली नाही. मी चढ चढून येईपर्यंत ते दारात उभे होते, दोरीला हात लावून. ओरडले नाहीत. तिकीट फाडलं, पैसे घेतले आणि विचारलं, "पेन आहे ना?" नव्हतं. खिशातलं स्वतःचं दिलं. संध्याकाळी परतताना आठवणीने मागून घेतलं.

आगोट

हेच. आणि पेन परत घेतलं ते गाळू नका, त्यात नाना आहेत. ते गाळलंत तर नाना देवमाणूस होतील आणि संद्याला ओळखू येणार नाहीत. विशेषणं नकोत, "किती प्रेमळ होते" हे तो स्वतः म्हणेल.

आता "काही लागलं तर सांग". यात काम त्याच्यावरच पडतं. काय लागतंय ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, वर संकोच. तुम्हाला जे नक्की जमेल ते एकच लिहा.

खाडीकाठ

माझी गाडी घेऊन जातोय. मुंबईचे पाहुणे कोकण रेल्वेने खेडला उतरतील, तिथून वाडीपर्यंत यायचे हाल असतात.

असं लिहिलंय:

"संद्या, नाना गेल्याचं काल कळलं. काय बोलावं सुचत नाहीये. तुला एक कधी सांगितलं नव्हतं. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला मला उशीर झाला, तर मी साकवावरून धावत येईपर्यंत नानांनी डबल बेल दिली नाही. तिकिटाचे पैसे घेतले, आणि माझ्याकडे पेन नाही म्हणून खिशातलं दिलं. संध्याकाळी मागूनही घेतलं. त्या पेनाने पेपर लिहिला मी. दहाव्याच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतोय. खेड स्टेशनवरून कुणाकुणाला आणायचं ते वहिनीला विचारून घेतो. उत्तर देत बसू नकोस."

आगोट

"काय बोलावं सुचत नाहीये" हेही हजार वेळा लिहिलं जातं. पण तुमच्या बाबतीत ते खरं आहे आणि तुमच्याच भाषेत आहे. मी ठेवलं असतं. साधं वाक्य जुनं असलं तरी चालतं, उसनं नको.

कोकमसार

"उत्तर देत बसू नकोस" मला पटत नाही. दार लावल्यासारखं वाटतं. त्याला बोलायचं असेल तर?

बांगडा_फ्राय

मला तर तेच वाक्य हवं होतं. त्या दिवसांत उत्तरं देऊन अंगठा दुखायला लागला होता.

कोकमसार

तुमचं वेगळं. तो उलट असू शकतो. "वाटेल तेव्हा फोन कर" असं करा.

आगोट

हे मलाही ठरवता येत नाही. संद्याला ओळखणारे इथे फक्त खाडीकाठ आहेत.

खाडीकाठ

तो पहिल्यापासून कमी बोलणारा. "उत्तर देत बसू नकोस, मी येतोच आहे" असं केलं आणि पाठवलं. निळ्या रेघा आल्या.

पाणंद

दहाव्याला जाताय तर एक सांगा, बॅनर कुणी करतंय का तिकडे?