फोनवर ठरलेलं नंतर मेलवर लिहून पाठवता का? आपापले अनुभव सांगा

ओट्यापाशी
मी नाशिकला इंटिरिअरची कामं घेते, जास्त करून किचन. गेल्या वर्षी एका क्लायंटताईंचा फोन आला, मी साइटवर, मागे कटर चालू, त्या म्हणाल्या "अगं ते लॉफ्टचं पण करूनच टाक", मी म्हटलं "हो ताई, करून देते". त्यांनी ऐकलं की ठरलेल्या पैशातच होणार, मी ऐकलं की काम वाढलं. शटर लागल्यावर बिलात ३८,००० जास्तीचे लावले तेव्हा त्या खरंच दुखावल्या, खोटं बोलत नव्हत्या हो, त्यांच्या डोक्यात तेच पक्कं होतं. शेवटी १९,००० वर मिटवलं, निम्मे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून फोन ठेवला की त्याच दिवशी मेल करते. या जूनमधला एक जसाच्या तसा देते, नावगाव काढून:

> विषय: आज १२ जून, फोनवर ठरलेलं (किचन)
>
> ताई, दुपारी बोलणं झालं ते लिहून ठेवतेय.
> लॉफ्टची चार शटर वाढवली. त्याचे ३८,००० वेगळे, जीएसटी धरून ४४,८४०.
> खालच्या शटरना ॲक्रिलिकऐवजी मॅट लॅमिनेट. त्याने दरात फरक नाही.
> या दोन्हीमुळे काम २० जुलैऐवजी २ ऑगस्टला पूर्ण होईल.
> ओट्याचा ग्रॅनाइट तुम्ही आणणार आहात, तो ५ जुलैपर्यंत साइटवर लागेल.
> चिमणीचं डक्टिंग आणि नळाचं काम यात धरलेलं नाही.
> माझं काही ऐकायचं चुकलं असेल तर सांगा. तुमचा होकार मेलवर आला की शटरची ऑर्डर टाकते.

डक्टिंगचं फोनवर कोणी काढलंच नव्हतं, पण तेच नंतर "मला वाटलं त्यात आहे" होतं म्हणून मी न धरलेलं पण लिहिते. तुम्ही कसं करता, कुठे फसलात, सांगा.

मोरपीस
मी भाषांतरं करते. माझी शेवटची ओळ ठरलेली, "दोन दिवसांत उत्तर न आल्यास हे मान्य आहे असे समजू." आजवर कोणी हूं की चूं केलं नाही. एकदा उत्तर नाही आलं की विषय संपला, कायद्यानेही ते मान्यच धरतात.

कोर्टकचेरी
मोरपीसताई, हे नुसतं असं नाही. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने स्वीकारलं असं आपण एकतर्फी ठरवू शकत नाही. त्या ओळीचा उपयोग होतो, पण पुढे काय घडलं त्यावर. समजा मेल गेला, उत्तर नाही, आणि चार दिवसांनी त्याने त्याच रकमेचा हप्ता पाठवला किंवा त्याच मजकुराच्या फाइली पाठवल्या, तर त्याच्या वागण्यातून होकार दिसतो. मेल जाऊन नुसती शांतता असेल तर मी त्यावर विसंबणार नाही.

बाकी तोंडी करार हा पण करारच असतो, १८७२ च्या करार कायद्यात सगळंच लेखी हवं अशी अट नाही. अडतं ते सिद्ध करताना. त्यामुळे ओट्यापाशी यांनी शेवटी जे केलंय ना, होकार आला की ऑर्डर टाकते, ते मला सगळ्यात आवडलं. समोरच्याला पुढचं पाऊल हवं असतं, म्हणून तो उत्तर देतो.

एक बघून घ्या, मूळ कोटेशनवर किंवा करारात "बदल फक्त सही केलेल्या कागदानेच" असं कलम असेल तर मेल अपुरा पडू शकतो. तसं असेल तर मेलसोबत एक पानी पुरवणी पाठवून सही मागा.

तात्या_सांगलीकर
एवढं टायपिंग कशाला, फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, प्रत्येक शब्द सापडतो. माझ्याकडे तीन वर्षांचे कॉल आहेत. ट्रॅक्टरच्या पार्टचा धंदा आहे.

ओट्यापाशी
तात्या, भांडण झाल्यावर काय बोललो ते शोधायला ते ठीक आहे, पण माझ्या गोष्टीत रेकॉर्डिंग असतं तरी काय ऐकू आलं असतं? "करूनच टाक", "हो ताई करून देते". पैशाचा शब्दच नाही त्यात. मेल लिहायला बसल्यावर आकडा टाकावा लागतो आणि तेव्हा कळतं की अरे हे तर बोललोच नाही.

रात्रपाळी
उलटा अनुभव सांगतो. नेदरलँड्सला आहे, छोट्या कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देतो. कॉलवर तीन रिपोर्ट ठरले होते, विक्री, साठा आणि येणे बाकी, आणि मी रात्री घाईत मेलमध्ये लिहिलं "सर्व आवश्यक रिपोर्ट दिले जातील". दोन महिन्यांनी त्यांनी माझाच मेल पुढे केला, अकरा रिपोर्टची यादी जोडून. काही बोलूच शकलो नाही, शब्द माझे होते, सात करून दिले, चार कसेबसे सोडवून घेतले. तेव्हापासून "सर्व", "वगैरे", "गरजेनुसार" हे शब्द दिसले की खोडतो आणि नावं लिहितो. आणि रात्री लिहिला तरी पाठवायच्या आधी एकदा ते क्लायंट होऊन वाचतो.

सेक्रेटरीबाई
मी पलीकडच्या बाजूची. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं, ठेकेदाराशी फोनवर बोलले आणि संध्याकाळी त्याचा छान मेल आला, सगळं बरोबर, फक्त मधेच एक वाक्य, "पाच वर्षांची गॅरंटी, पॅरापेट वगळून". पॅरापेटचा विषयच झाला नव्हता, आणि गळती तिथूनच होती. थँक्यू म्हणून पाठवणार होते, यजमानांनी वाचलं म्हणून थांबले. मग त्याच मेलला उत्तर दिलं, "बाकी सर्व बरोबर, पॅरापेट वगळण्याचं बोलणं झालेलं नाही, ते धरूनच दर ठरला आहे." त्याने निमूट बदललं. असा मेल आला तर ओळ न् ओळ वाचा.

मोरपीस
वकीलसाहेब, कळलं, ती ओळ राहू देते पण पहिलं प्रकरण होकार आल्याशिवाय सुरू करणार नाही. एक विचारू, माझे निम्मे क्लायंट मेल उघडतच नाहीत, व्हॉट्सॲपवर पाठवलं तर चालतं का?

कोर्टकचेरी
चालतं, पण डिसअपिअरिंग मेसेज बंद आहे ना ते बघा आणि फोन बदलताना चॅट जाऊ देऊ नका. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे मेल किंवा चॅटची प्रिंट कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका, मूळ मेसेज जपा. मी स्वतः पैसे, तारीख आणि काय धरलंय काय नाही एवढं तरी मेलवरच घेतो.

पाटाखालची
माझी अडचण वेगळी आहे. आमचे दोन क्लायंट वडिलांच्या वेळचे, शब्दावर चाललेलं सगळं. काकांना मेल केला तर त्यांचा लगेच फोन, "बाळा, आता आमच्याकडून लिहून घेणार का?" आवाजात दुखलेलं कळत होतं. तेव्हापासून त्यांना पाठवत नाही. चूक करतेय हे कळतं, पण मला अजून जमलेलं नाही.

ओट्यापाशी
असे एक आजोबा माझ्याकडेही आहेत. मी त्यांना लिहिते की सुताराला उद्या सांगायचंय, मी काही विसरू नये म्हणून लिहिलंय, जरा बघून सांगता का, आणि ते खरंही आहे. ते मेलला उत्तर देत नाहीत, फोनच करतात. मग फोन ठेवला की त्याच मेलखाली एक ओळ टाकते, "आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे हँडल पितळी, बाकी तसंच." त्यांच्याकडून लेखी होकार कधीच आलेला नाही. त्यांचं काम मी तरीही सुरू करते.