मदत हवी आहे: जिल्ह्याचा दशवार्षिक वाढदर अन् वार्षिक चक्रवाढ दर, नेमका कोणता आकडा लिहू?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. एमएच्या प्रबंधासाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा लोकसंख्येचा तक्ता करायलेय. संभाजीनगरलाच अडकलेय. जनगणनेत जिल्ह्याचं नाव औरंगाबाद आहे, 2001 ला लोकसंख्या 28,97,013 अन् 2011 ला 37,01,282, दशवार्षिक वाढ 27.76 टक्के. इथपर्यंत ठीक. आता मार्गदर्शक सरांना शेजारी वार्षिक वाढदराचा कॉलम पाहिजे. 10 ने भागलं तर 2.78 येतं, पण एका अहवालात याच जिल्ह्याला 2.48 दिलंय. आकडे तेच, वर्षं तीच, मग हा फरक कुठून आला? सर विचारणारच, म्हणून नुसतं सूत्र नको, कारण सांगा.

बीडचा_पोरगा
ताई, 10 ने भागायचं, विषय संपला. दहा वर्षांत 8,04,269 लोक वाढले म्हणजे वर्षाला सरासरी 80 हजार, त्याला 28.97 लाखाने भागा, 2.78 च येतंय. अहवालवाल्याचं टायपिंग चुकलं असंल.

निवृत्त_सांख्यिकी
टायपिंग चुकलेलं नाही. वर्षाला सरासरी 80 हजार हे तुमचं बरोबर आहे, घोळ त्याच्या पुढं होतो. दरवर्षी 80,427 माणसं वाढली असं धरा, पहिल्या वर्षी ती 28.97 लाखांवर वाढली म्हणजे 2.78 टक्के, पण दहाव्या वर्षी जिल्हा आधीच 36.2 लाखांवर गेलेला असतो, तिथं तीच 80 हजार माणसं फक्त 2.22 टक्के होतात. म्हणजे 2.78 हा दर खरं तर पहिल्याच वर्षाचा झाला, अन् आपण तो दहाही वर्षांना चिकटवतो.

ताळा करून बघा ताई. 28,97,013 ला दरवर्षी 2.78 टक्क्यांनी वाढवत न्या, आधीच्या वर्षाच्या वाढलेल्या आकड्यावर टक्केवारी लावत. 2011 ला 38 लाख 10 हजारांच्या आसपास पोचाल. जनगणना म्हणते 37 लाख. एक लाखावर माणसं जास्तीची आली, ती कुठून आणायची? लेकरं काही फक्त 2001 मधल्या लोकांनाच होत नाहीत, मधे वाढलेल्यांनाही होतात, म्हणून आपल्याला असा दर पाहिजे जो वाढलेल्या आकड्यावर लावला तरी बरोब्बर 2011 च्या आकड्यावर येऊन थांबंल. तो 2.48. एक्सेलमधी हे टाका:

```
=(3701282/2897013)^(1/10)-1
```

कंसात शेवटचा आकडा भागिले पहिला, 1.2776 येतं, त्याचं दहावं मूळ काढायचं अन् 1 वजा करायचा. सेलचं फॉरमॅट टक्केवारी करायला विसरू नका, नाहीतर 0.0248 दिसतं अन् पोरं तेच 0.02 टक्के म्हणून लिहितात.

गोदाकाठची
आता डोक्यात शिरलं सर, खूप आभार. पण धाराशिवला 11.50 टक्के वाढ आहे, तिथं भागून 1.15 येतंय अन् या सूत्रानं 1.09. फरक फारच थोडा. असं का?

निवृत्त_सांख्यिकी
वाढ जितकी कमी तितका हा फरक कमी. वाढीवर होणारी वाढच थोडी असती ना. संभाजीनगरला वाढ मोठी म्हणून तो उठून दिसतो. त्यामुळं एका जिल्ह्याला भागून अन् दुसऱ्याला सूत्रानं असं कधीच करू नका, जिल्ह्यांची तुलनाच बिघडती. अन् 2.48 म्हणजे दरवर्षी खरंच तेवढीच वाढ झाली असं पण प्रबंधात लिहू नका. मधल्या वर्षांची मोजणी कुणी केलेली नाही, आपल्याकडं फक्त दोन टोकं आहेत, 1 मार्च 2001 अन् 1 मार्च 2011.

लातूर_एक्सप्रेस
म्हणजे हे एफडीवानीच ना? मग माझी 5 वर्षांची एफडी आहे, बँकवाला तिमाही व्याज धरतो, तर मी पण 1/10 च टाकू का?

निवृत्त_सांख्यिकी
भाऊ, तुमची पाच वर्षं आहेत तर 1/5 टाका. मधी किती वर्षं गेली तेवढंच तिथं येतं. एफडीचा वेगळा धागा काढा, इथं ताईंचं राहून जाईल.

जिंतूरकर
गोदाकाठची ताई, 1991 ते 2001 चा कॉलम पण करणार असाल तर परभणीला जपून. मी एका पोराच्या प्रोजेक्टमधी परभणीची लोकसंख्या घटलेली बघितली, चक्क उणे 27.8 टक्के! दुष्काळ, स्थलांतर असली कारणं पण लिहून मोकळा झाला होता तो. झालं असं की 1991 चे 21 लाख 17 हजार हे अखंड परभणीचे, हिंगोली 1999 ला वेगळा झाला, अन् 2001 चे 15 लाख 28 हजार फक्त उरलेल्या परभणीचे. दोन्ही जिल्हे मिळून 2001 ला 25 लाख 15 हजार होतात, म्हणजे खरी वाढ 18.8 टक्के.

गोदाकाठची
बापरे, हे तर माझ्या ध्यानातच आलं नसतं. पण मला दोघांचे वेगळे दर पाहिजेत, एकत्र नको. 1991 चे तालुके बसून जोडू का?

निवृत्त_सांख्यिकी
तालुके जोडायची गरज नाही. जनगणनेचा A-2 तक्ता घ्या, ज्या जनगणनेचा तक्ता असंल तिच्या वेळच्या जिल्हा हद्दीप्रमाणं त्यात 1901 पासूनची लोकसंख्या बसवून दिलेली असती. 2011 चा A-2 घेतला की परभणी अन् हिंगोली मागच्या सगळ्या वर्षांना वेगवेगळे सापडतील. 1981-82 च्या मागं जायचं असंल तर जालना अन् लातूरला पण हाच तक्ता वापरा, तेही औरंगाबाद अन् उस्मानाबादमधून निघालेले. जुन्या जिल्हा पुस्तिकेतला एक आकडा अन् नव्या पुस्तिकेतला दुसरा, अशी जोडी लावू नका.

बीडचा_पोरगा
सर तुमचं पटलं, आमच्या बीडचं काढून बघितलं, 19.61 चं 1.81 आलं. पण मला एक सांगा, मोजणी होती फेब्रुवारीत. तवा आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलूप असतंय, टोळ्या कारखान्यावर. मग बीडचा आकडाच कमी धरला गेला ना, दर कसा खरा मानायचा?

निवृत्त_सांख्यिकी
प्रश्न लई चांगला आहे. मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी नव्हता तो जिथं सापडंल तिथं मोजला जातो, म्हणजे ऊसतोडीवाले कोल्हापूर-सांगलीच्या खात्यात जाऊ शकतात. पण 2001 ला पण मोजणी फेब्रुवारीतच होती. दोन्ही वेळी सारख्याच प्रमाणात लोक बाहेर असले तर लोकसंख्या कमी दिसंल पण दर फारसा हलणार नाही. प्रमाण बदललं असंल तर दरही चुकंल.

जिंतूरकर
सारखं प्रमाण कशावरून धरायचं सर? दहा वर्षांत टोळ्या वाढल्या असं आमच्याकडं तर सगळेच म्हणतात.

निवृत्त_सांख्यिकी
म्हणूनच मी "असले तर" म्हणलो. जनगणनेच्या या दोन आकड्यांवरून ते निघत नाही. ताई, बीडच्या ओळीखाली तळटीप मात्र टाका.

गोदाकाठची
टाकते सर. अजून एकच, पुढची जनगणना 1 मार्च 2027 ची आहे, मग तिचा 2011 शी दर काढताना 1/16 ना?

निवृत्त_सांख्यिकी
हो, 1/16. अन् त्या सोळा वर्षांच्या वाढीला 27.76 च्या शेजारी दशवार्षिक म्हणून बसवू नका, तिथं फक्त वार्षिक दरच एकमेकांशेजारी ठेवता येतील.