मदत हवी आहे: पानावरचा फोटो उडाला, टिपणावरून तव्याची लिस्टिंग कशी लिहू?

कोपरखैरणेकर: आज संध्याकाळपर्यंत टाकायची आहे. हातात एवढंच: "तवा १०, २.१, लाकडी हॅ., तेल लावलेला". चार ओळी सुचवा. फोटो का काढला ते विचारू नका.

भांडीबाजार: तेच तर विचारायचं होतं. तवा हाताशी आहे का? बीडाचा की पत्र्याचा?

कोपरखैरणेकर: माल तुर्भ्याच्या गोदामात, सोमवारशिवाय उघडत नाही. बीडाचाच असणार.

घोडबंदर_रोड: web.archive.org वर पानाचा पत्ता टाका, फोटो मिळेल. नाहीतर गूगलची कॅश आहेच.

भांडीबाजार: गूगलने कॅशची लिंक २०२४ मध्येच काढली. अर्काइव्हवर पान असलं तरी बरेचदा मजकूर येतो आणि फोटोची चौकट रिकामी. शिवाय तो फोटो भलत्याच तव्याचा असेल, म्हणूनही काढला असेल.

टिपणच ताडून बघा. १० इंची तवा, ३ मिमी पत्रा असेल तर वजन साधारण १.२ किलो. उरलेले ९०० ग्रॅम लाकडी दांड्याचे असूच शकत नाहीत. ५ मिमी बीड धरलं तर १.८ किलो, वर दांडा, म्हणजे २.१ जुळतं. पण १२ इंची, ४ मिमी बीडाचंही नुसतं वजन २.१ च्या आसपास जातं, म्हणून १० कुठून कुठे मोजलेत ते विचाराच.

वर्तकनगरची_ताई: माझ्या बीडाच्या तव्यावर घावन चिकटतात हो, काय करू?

घोडबंदर_रोड: अर्धा कांदा तेलात बुडवून घासा, ताई. आणि "इंडक्शनवर चालतो" हे लिहाच, त्याशिवाय ठाण्यात कोणी घेत नाही.

भांडीबाजार: बीडाला चुंबक चिकटतं, तेवढं तुमचं बरोबर. पण बूड खोलगट असेल तर शेगडी भांडं ओळखत नाही, नाहीतर मधेच तापतं. बूड सपाट असल्याचं टिपणात कुठे आहे? "तेल लावलेला" म्हणजेही वापरायला तयार असं नव्हे, ते गंज न चढण्यासाठी लावलेलं असू शकतं.

सध्या एवढं लिहा: "१० इंची तवा, लाकडी दांडा, वजन २.१ किलो. तेल लावून येतो, वापरण्याआधी धुऊन कोरडा करा. लाकडी दांड्यामुळे ओव्हनमध्ये ठेवू नका." रंग, बूड, जाडी यांबद्दल एक शब्द नको.

घोडबंदर_रोड: एवढ्यावर गिऱ्हाईक फिरकणार नाही. दुसऱ्या तव्याचा फोटो लावून खाली "प्रातिनिधिक" लिहा.

भांडीबाजार: लोक फोटोतला दांडा बघून घेतात. वेगळा निघाला की माल परत, आणि दोन किलोचं कुरिअर दोन्ही वेळा तुमच्या माथी.

कोपरखैरणेकर: पुरवठादाराला फोन केला. म्हणतो, २.१ हे खोक्यासकट. इंचांचं त्यालाही माहीत नाही.

भांडीबाजार: मग माझा हिशोबही लटकला. वजनाची ओळ काढा आणि बीडाचा असं कुठेही लिहू नका. सोमवारी काठापासून काठापर्यंत टेप लावा, दांडा सोडून.

कोपरखैरणेकर: आणि आज काय टाकू?

वर्तकनगरची_ताई: कांदा लाल की पांढरा?