अनुभव धागा: झोडपणाऱ्या रिव्ह्यूला हॉटेलने दिलेलं उत्तर, आधीचं आणि नंतरचं

जुईली_फ्रंटऑफिस:
ज्यांनी हॉटेलच्या बाजूने एखादं उत्तर पुन्हा लिहिलं असेल, किंवा पाहुणा म्हणून तसं उत्तर वाचलं असेल, त्यांनी इथे लिहावं. 'नम्र राहा' एवढंच नको. कुठलं वाक्य काढलं, का काढलं, ते सांगा. सुरुवात माझ्यापासून.

एक तारा देऊन आलेला रिव्ह्यू असा होता: 'दोन रात्री राहिलो. दोन्ही सकाळी गरम पाणी नाही. रिसेप्शनला तीनदा सांगितलं, "बघतो" म्हणाले, कोणी आलं नाही. वर निघायला अर्धा तास उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं लावलं. शुद्ध लूट.'

मॅनेजरांनी लिहिलेला मसुदा: 'आपणास असे वाटले याबद्दल दिलगीर आहोत. परंतु आमच्याकडे चोवीस तास गरम पाणी असते. त्या दिवशी इतर कोणत्याही पाहुण्याने तक्रार केली नाही. आपण उशिरा चेकआऊट केले व नियम दाखवल्यावर कर्मचाऱ्यांशी आवाज चढवून बोललात.'

पहिल्याच वाक्यात माफी पाण्याबद्दल नाही, पाहुण्याला काय 'वाटलं' त्याबद्दल आहे. पुढच्या 'परंतु'ने तीही परत घेतली. पण नुसते शब्द बदलून भागणार नव्हतं, म्हणून आधी फ्रंट डेस्कची नोंदवही काढली. त्या खोलीच्या पाण्याच्या दोन तक्रारी होत्या. पहिल्या दिवशी मेंटेनन्सचा माणूस गेला, तोवर पाहुणे बाहेर पडले होते. त्याने नळ बराच वेळ सोडला, पाणी गरम आलं आणि 'ठीक आहे' अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी कोणी गेलंच नाही.

रात्रपाळी:
ती 'ठीक आहे' नोंदच घात करते. बॉयलर तळघरात आणि खोली वरच्या मजल्यावर, लाइनच्या टोकाला असेल, तर पाइपमधलं गार झालेलं पाणी आधी निघून जावं लागतं. हे टाळायला गरम पाणी सतत फिरवत ठेवणारा एक पंप असतो. तो बंद पडला की बॉयलरजवळच्या खोल्यांना काहीच जाणवत नाही आणि टोकाच्या खोलीत दहा-दहा मिनिटं गारच येतं. म्हणजे 'इतर कोणी तक्रार केली नाही' हे खरं असूनही पाहुणा खोटा ठरत नाही. उलट बिघाड कुठे आहे ते त्यातून कळतं. हे वाक्य मी कुठल्याही उत्तरात ठेवत नाही.

जुईली_फ्रंटऑफिस:
अगदी तसंच निघालं. पंप बदलल्यावर लिहिलेलं उत्तर:

'नमस्कार. दोन्ही सकाळी तुम्हाला गरम पाणी मिळालं नाही आणि सांगूनही तुम्ही खोलीत असताना कोणी आलं नाही. याबद्दल आम्ही माफी मागतो. तुमच्या मजल्यावर गरम पाणी फिरवणारा पंप बंद पडला होता. तो बदलला आहे आणि आता रोज सकाळी सहा वाजता त्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीच्या लाइनवर पाणी तपासतो. चेकआऊटची वेळ ११ आहे आणि १२ नंतर अर्ध्या दिवसाचं भाडं लागतं, हे बुकिंगच्या पुष्टीच्या मेलमध्ये दिलेलं असतं. त्या सकाळी पाण्याची अडचण चालू असताना आम्ही त्याची आठवण करून द्यायला हवी होती. बिलाबद्दल तुमच्याशी थेट बोलायला आवडेल. त्याच मेलला उत्तर दिलंत तर ते माझ्याकडे येईल.'

खाली मॅनेजरांचं नाव आणि पद. पाहुणे 'तीनदा' म्हणतात, वहीत दोनच नोंदी आहेत. त्यावर वाद घातला नाही, 'सांगूनही' एवढंच लिहिलं. तिसऱ्यांदा सांगितलेलं कोणी लिहूनच घेतलं नसेल, हेही शक्य आहे.

थोडक्यात_गोडी:
एवढं लांब कोण वाचतं? आम्ही चार ओळींचा मजकूर करून ठेवलाय. 'अनुभवाबद्दल क्षमस्व, आपला अभिप्राय मोलाचा आहे, संबंधित विभागाला कळवले आहे.' सगळ्यांना तोच. भांडण होत नाही, वेळ वाचतो.

रात्रपाळी:
भांडण होत नाही हे खरं, आणि उत्तर आटोपशीर हवं हेही खरं. पण ही उत्तरं एकाखाली एक दिसतात. गळक्या छताला, उद्धट वेटरला आणि गार पाण्याला तीच चार वाक्यं दिसली, की नवीन पाहुण्याला कळतं, वाचलं कोणीच नाही. जुईलीताईंच्या उत्तरातला पंप काढला तर तेही तसंच होईल.

तुषार_लॉज:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडे राहिलेलाच नाही अशा माणसाने एक तारा दिलाय. तो काढून कसा टाकायचा?

जुईली_फ्रंटऑफिस:
तुषारदादा, साइटकडे रिपोर्ट करता येतो. निर्णय त्यांचा, आणि मत नुसतं कडक आहे म्हणून सहसा काढत नाहीत. तोवर उत्तर द्यावंच लागतं. 'खोटा रिव्ह्यू' असं लिहू नका, बुकिंग दुसऱ्याच्या नावावर असू शकतं. 'या नावाने आम्हाला नोंद सापडली नाही. बुकिंग कोणाच्या नावाने होतं ते आम्हाला मेलवर कळवलंत तर लगेच पाहतो' एवढं पुरे. माहिती मेलवरच मागा, नाहीतर लोक बुकिंग क्रमांक चारचौघांत टाकून मोकळे होतात.

भटकी_मैना:
मी पाहुण्याच्या बाजूने. एका ठिकाणी चादरीवर डाग होते, फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की मी 'डिस्काउंट मागितला होता, तो न मिळाल्याने' लिहिलंय. डिस्काउंट मी मागितलाही होता, चादर बघूनच! डागांबद्दल एक अक्षर नाही. तोवर दोन तारे होते, ते मी एकवर आणले. वरच्या मसुद्यातलं 'आवाज चढवून बोललात' हे त्याच जातीचं. आवाज चढला असेलही, पण अंघोळ न करता निघालेला माणूस दुसरं काय करणार?

सांडशी:
आमच्याकडे अडचण उलटी झाली. गच्चीवरच्या आवाजाबद्दल आमच्या मॅनेजरने फार छान उत्तर लिहिलं, 'रात्री १० नंतर संगीत बंद केले आहे'. ते फक्त लिहिलं होतं. पुढच्याच रिव्ह्यूत पाहुण्याने ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली 'रात्री ११:४०, व्हिडिओ जोडला आहे'. आता उत्तरात 'केलं आहे' लिहायचं तर ज्या विभागाचं काम आहे, त्याच्याकडून आधी लेखी घेतो. झालं नसेल तर 'काम चालू आहे' लिहितो. जरा लाज वाटते, पण चालतं.

काळा_कोट:
एक सावधगिरी. गार पाण्याची माफी बिनधास्त मागा. पण पाहुणा पडून जखमी झाला, विषबाधा झाली, खोलीतून दागिना गेला, असं काही असेल तर 'आमची चूक' लिहिण्याआधी विमा कंपनी आणि वकील दोघांना विचारा. तिथे तब्येतीची विचारपूस आणि संपर्क कोणाशी करायचा, एवढंच उघडपणे लिहावं. आणि चेकआऊटच्या वेळेचं काय केलंत? 'अर्धा तास' ही चूक तर धडधडीत राहिली.

जुईली_फ्रंटऑफिस:
त्यावरच अडलं होतं. चावी १२:५० ला परत आल्याची नोंद आहे, म्हणजे जवळपास दोन तास उशीर. मालकांना ती वेळ उत्तरात हवी होती. माझं म्हणणं, एखादा पाहुणा कधी खोली सोडून गेला हे आपण जगाला का सांगायचं? नियम लिहिला की वाचणाऱ्याला अंदाज येतो.

काळा_कोट:
अंदाज येत नाही. वाचणारा 'अर्ध्या तासाला अर्ध्या दिवसाचं भाडं' एवढंच लक्षात ठेवून दुसरं हॉटेल बघतो. विशेषण न लावता वेळ लिहिली तर त्यात आक्रमक काय आहे?

भटकी_मैना:
माझी वेळ अशी छापली असती तर मी परत गेले नसते, उशीर माझा असला तरी.

रात्रपाळी:
मी मधला मार्ग काढतो. 'आमच्या नोंदीतली वेळ थोडी वेगळी आहे, ती तुम्हाला मेलने पाठवली आहे.' आकडा उघड होत नाही आणि मुद्दा सोडून दिला असंही होत नाही. मात्र मेल खरंच पाठवावी लागते, आणि तिच्यात बिलाची प्रत जोडावी लागते.

जुईली_फ्रंटऑफिस:
हे वाक्य उद्या मालकांपुढे ठेवते. उत्तर नंतर एडिट करता येतं, त्यामुळे सध्या वरचंच टाकलंय. पाहुण्यांची मेल आली आहे. पाण्याबद्दल ते समाधानी दिसतात, अर्ध्या दिवसाचं भाडं मात्र परत मागतायत.